देवाजीची बिडी सुटली तेव्हा

देवाजी आमच्या हमालांच्या टोळीत होता. नागपुरात एका अडतीवर आम्ही पन्नास किलोची पोती फळीवरून ट्रकात चढवायचो. पस्तीस वर्षं त्यानं बिडी ओढली. चढता दम लागू लागला तेव्हा तो छातीच्या डॉक्टर नंदिनीबाईंकडे गेला. मशीनमध्ये फुंकायला लावलं. निरोगी माणसाच्या मानानं श्वास निम्माच भरला, शंभरात अठ्ठेचाळीस. त्याच दिवशी त्यानं बिडी टाकली. टोळीतली जागा टिकवायची होती.

टोळीत विसावा बिडीपुरताच. बिडी पेटली की बसायचं, विझली की उठायचं. देवाजी नुसताच बसला, तर मुकादम मधुकरराव म्हणाले, "बिडी नाही पेत, तं बसतो काहून गा? पोते उचल." आम्ही धूर सोडत बघत बसलो. तो एकटा फळी चढला.

दुसऱ्या आठवड्यात खोकला वाढला. काळपट कफ पडायचा. बाईंनी आधीच सांगितलं होतं : श्वासनळीत बारीक केस असतात, धुरानं ते निपचित पडतात. बिडी बंद झाली की पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. टोळीला हे पटलं नाही. आमच्यातला नत्थू रोज एक बिडी त्याच्या तोंडाशी धरायचा. "वढ गा, खोकला बसते. सोडून मरून राहिला तू." खोकला खरंच बसला असता, केस पुन्हा निपचित पडले असते. देवाजीनं ती घेतली नाही. खोकणाऱ्याच्या हातून पोतं पडेल म्हणून मुकादमानं त्याला झाडलोटीवर लावलं. पैसे निम्मे.

पाचव्या महिन्यात खोकला जवळजवळ गेला. घरापासून अडतीपर्यंत तो न थांबता चालू लागला. नवव्या महिन्यात त्यानं पोती उचलायची जुनी जागा परत मागितली. मुकादमानं न थांबता वीस पोती चढवायची अट घातली. सगळे बघायला उभे राहिले. सहा पोती त्यानं नीट चढवली. नवव्या पोत्याला ओठ निळे पडले. अकरावं पोतं फळीवरच टेकवून तो वाकला. खोकला नव्हता, छातीत हवाच नव्हती.

"झालं," मुकादम म्हणाले आणि त्याची जागा दुसऱ्याला दिली. कोणी पाणीही दिलं नाही. मीही नाही.

देवाजी दवाखान्यात गेला, मीही सोबत होतो. मशीनचा आकडा अठ्ठेचाळीसचा एक्कावन्न झाला होता. त्यानं विचारलं, "बाकीचा श्वास कवा येईन, बाई?"

"येणार नाही," बाई म्हणाल्या. "नळ्यांची सूज उतरली, तेवढं परत आलं. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटले ते फाटले. पण आता उरलेले पहिल्यासारखे भराभर फाटणार नाहीत."

याला चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात आकडा एकोणपन्नास आला. चार वर्षांत दोनच उतरला, बिडी चालू असती तर बराच घसरला असता, म्हणून बाईंना आनंद झाला. कॅन्सरचा धोकाही वर्षागणिक कमी होतो, शून्य होत नाही, असं त्या म्हणाल्या. देवाजीनं ऐकून घेतलं, कागद खिशात घातला आणि झाडू मारायला अडतीवर परत गेला.