वडील काय करतात?

वडवणीच्या स्टँडामागं माझं झेरॉक्स आन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय. शिवकन्याचं, म्हंजी माझं, तोंड लई वाईट, असं अख्खं गाव म्हणतं आन् खोटं म्हणत न्हाई. फॉर्मवर डोळे मिटलेला फोटो घेऊन येणाऱ्याला मी सोडत न्हाई, मग तो पुढाऱ्याचा पोरगा का असंना. पण गहिनीनाथभाऊंपुढं माझी वाचाच बसली.

गहिनीनाथभाऊ आन् भिवराबाई ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आमच्याकडं. दिवाळी सरली की टोळीसंगं कारखान्याच्या मुलखात, ऊन तापलं की माघारी. पोर एकच, वर्षाराणी. वसतिगृहात राहून शिकली, यंदा बी.कॉम. झाली. पुण्याच्या एका कंपनीला फोनवर मराठी गिऱ्हाइकांशी बोलायला माणसं पाहिजे होती. तिनं अर्ज केला आन् मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत मात्र व्हिडिओवर.

तशी पोर बोलायला कमी न्हाई. दुकानात माझ्याशी वाद घालायची तर मलाच गप करायची. पण मोबाइलचा कॅमेरा सुरू झाला की तिची दातखीळ बसायची. म्हणून तिनं सरावाचं ॲप घेतलं. त्यांच्या गावात रेंज न्हाई, म्हणून रोज माझ्या मागच्या खोलीत यायची. गहिनीनाथभाऊ फटफटीवर आणून सोडायचे आन् कुणी आत घुसू नये म्हणून दारातच बसायचे. मधूनच त्यांना खोकला आला, का "पोरी, पाणी पी गं" म्हणाले, की ही आतून ओरडायची, "थांबा ना नाना, रेकॉर्डिंग चालू हाय!" मग ते तोंडावर टॉवेल धरून खोकायचे. मी म्हणायचे, "भाऊ, पोरीनं चांगलंच दाबात ठेवलंय तुमाला." ते हसायचे. लई अभिमान होता त्यांना त्या दटावण्याचा.

ॲपचं काम असं, की ते स्क्रीनवर एक प्रश्न दाखवायचं आन् तिचं उत्तर रेकॉर्ड करायचं. मग मार्क द्यायचं. नजर कॅमेऱ्यात होती का, बोलणं फार पळालं का, "अं, अं" किती वेळा केलं. ही सारखी खाली बघायची, म्हणून नजरेला मार्कच न्हाईत. मी मोबाइलच्या कॅमेऱ्याशेजारी लाल टिकली चिकटवली आन् म्हणलं, "हिच्याकडं बघून बोल बाई, मी समोर हाय समज." हळूहळू जमायला लागलं.

मग आला घरच्यांबद्दलचा प्रश्न. तिनं खरं ते सांगितलं, आईवडील ऊस तोडतात, मी लहानपणी कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहिले. ॲपनं त्या उत्तराला सुधारून दुसरं उत्तर दिलं. ते असं, की माझे वडील साखर उद्योगात काम करतात. तिनं मला वाचून दाखवलं आन् हसत सुटली. तसं बघितलं तर खोटं काहीच न्हाई त्यात. तिनं ते पाठ केलं, टिकलीकडं बघून म्हणलं आन् पैकीच्या पैकी मार्क पडले. त्या ॲपमध्ये एक उत्तर झालं की पुढचा ठरलेला प्रश्न यायचा. दिलेल्या उत्तरावर ते कधी उलटून विचारायचं न्हाई.

आता एक गोष्ट सांगते, तिच्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. मागच्या हंगामात भिवराबाई तापानं फणफणली होती. उसाच्या फडात गेली न्हाई, म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमानं खाडा लावला, म्हंजी गैरहजेरीचा दंड. गहिनीनाथभाऊ हात जोडून बोलायला गेले, तर त्यानं सगळ्या टोळीसमोर त्यांच्या कानाखाली वाजवली. मुडदा बशिवला त्याचा! तवापासून त्या घरात मुकादमाचं नाव कुणी काढत न्हाई.

मुलाखतीच्या दिवशी वर्षाराणीनं कानात इअरफोन घातले. गहिनीनाथभाऊ दारात, मी काउंटरवर. आमाला फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं. आधी इंग्रजी झालं. काय छान बोलत होती! भाऊंनी माझ्याकडं बघून मान डोलावली. मग मराठी सुरू झालं. वडील साखर उद्योगात काम करतात, असं ती ठणठणीत म्हणाली.

मग ती गप झाली. भाऊंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"हो सर," आतून आवाज आला. "मुकादम आहेत माझे वडील."

गहिनीनाथभाऊंचा हात आपोआप गालाकडं गेला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाप रागवंल, निदान काही इचारंल, असं तिला वाटलं असंल. ते एवढंच म्हणाले, "झालं का? चल, ऊन वाढलं."

दुसऱ्या दिवशी एकटीच आली आन् माझ्या गळ्यात पडून रडली. समोरचा साहेब साखर कारखान्याच्याच भागातला निघाला. त्यानं सहज हसून इचारलं, "साखर उद्योगात म्हणजे? मुकादम का?" ही टिकलीकडं बघत राहिली. मग तोंडातून हो गेलं.

"ताई, त्यांनी सगळं ऐकलं ओ. मी काय म्हणून बसले!"

मला लई राग आला. "कावून लाजलीस गं? ज्या हातांनी तुला शिकवलं त्यांची लाज?" असं म्हणले आन् मलाच रडू फुटलं. मग दोघी कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून रडलो.

तिची निवड झाली. मेल माझ्याच दुकानात उघडला. खाली लिहिलं होतं, की दिलेली माहिती खरी हाय का ते तपासायला घरच्यांना फोन येऊ शकतो, व्हिडिओवरसुद्धा. तिनं तेही घरी वाचून दाखवलं. म्हणाली, "नाना, मी कंपनीला खरं कळवते. गेली तर गेली नोकरी." ते "घाई करू नको" म्हणून बाहेर निघून गेले म्हणे.

परवा मी नुकतंच शटर वर केलं, तर गहिनीनाथभाऊ उभे. दाढी केलेली, पांढरा कडक शर्ट, कुणाचा तरी मागून आणलेला, कारण खांद्यावर उतरत होता.

"ताई, त्या ॲपवर माझी घ्या परीक्षा."

"तुमची? कशाची वो?"

"मुकादमाची. कंपनीचा फोन आला तर पोर खोटी पडाया न्हाई पाहिजे."

तिनं माझ्याही मोबाइलवर ॲप टाकून दिलं होतं. त्यात आपला प्रश्न टाकायची सोय हाय. मी टाकला, तुमी काय काम करता? मोबाइल उभा केला, टिकली लावली. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मी गहिनीनाथ. मुकादम हाय," ते म्हणाले, खाली बघत.

"भाऊ, वर बघा. टिकलीकडं."

"मुकादमाचं बोलणं निघालं की मान आपसूक खाली जाती ओ."

पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं. प्रत्येक बारीला मान थोडी वर. मग एकदा त्यांनी नजर तिथं रोवली आन् बोलतच सुटले. "मी मुकादम हाय. माझी मोठी टोळी हाय. माझ्या टोळीत बाई आजारी पडली तर मी तिला खाडा लावत न्हाई. दवाखान्यात न्हेतो. माणसावर हात उगारत न्हाई मी. कुणाच्या पोरीला बापाची लाज वाटंल, असं..."

दारात वर्षाराणी कधी येऊन उभी राहिली होती, मला कळलंच न्हाई. तिच्या तोंडावर ओढणी होती, आन् खांदे गदगदत होते.

"नाना, बास," ती म्हणाली. "पाया पडते, बास करा ना."

त्यांनी टिकलीवरची नजर हलवली न्हाई. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान ताठ. हातानंच तिला गप केलं आन् हळूच म्हणाले,

"थांब गं पोरी, रेकॉर्डिंग चालू हाय."