बरणीची गिरकी

हौशी नाटकात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती प्रॉम्प्ट लिहायचं काम देऊ नये. मी मात्र जुईनगरला घरी बसून तेच करतो. दुकानदार मालाचा फोटो देतात, त्यात काय हलावं ते मी लिहितो आणि एआय त्याची पाच सेकंदांची जाहिरात करून देतं.

शिरवण्याच्या एक ताई आगरी मसाला करतात. सीवूड्सच्या मॉलमध्ये बचतगटांचं प्रदर्शन होतं आणि दारातल्या मोठ्या पडद्यावर पापड-लोणच्यांच्या क्लिपांबरोबर एकाच मसाल्याची क्लिप लागणार होती. ताईंची पाचच्या आत पोहोचली तर ती, नाहीतर दुसऱ्या गटाची. ताई तीनलाच पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी लिहिलं: बरणी डौलात गिरकी घेते, वरून मिरच्यांचा वर्षाव, कॅमेरा भोवती फिरतो.

बरणीने गिरकी घेतली. पुन्हा समोर आली तेव्हा लेबलवर अक्षरांऐवजी भलतंच काही वळवळत होतं.

"भाऊ, या तर मुंग्या चालल्यात," ताई म्हणाल्या.

चूक माझीच. फोटोत बरणीची एकच बाजू होती. पाठ एआयने मनाने रंगवली आणि परत फिरताना अक्षरंही मनानेच लिहिली. जड अंतःकरणाने मी नवं लिहिलं: बरणी आणि कॅमेरा दोन्ही स्थिर, लेबल जसंच्या तसं, फक्त मागे वाफ वर जाते.

या वेळी अक्षरं जागेवर राहिली, पण 'मसाला'वरून एक लाल ओघळ खाली उतरला. मी फोटो मोठा करून पाहिला. लेबलवर कुंकवाचं बोट होतं.

"यंदाच्या मसाल्याची पहिली बरनी हाय, पूजेची," ताई म्हणाल्या. "फोटो तिचाच काढनार ना?"

एआयला ते कुंकू ओलं वाटलं असावं.

"दुसरी कोरी बरणी घेऊ."

"पूजा न केलेली पडद्यावर? सासू मला मसाल्यात कुटंल."

सव्वाचार झाले होते. ताईंनी पिशवीतून दुसरी बरणी काढली, पर्समधली कुंकवाची डबी उघडली आणि झाकणाच्या मधोमध बोट टेकवलं.

"देवाला वरून दिसतंय. तुमच्या मशीनला समोरून बघू दे."

खिडकीच्या उजेडात अगदी समोरून फोटो काढला. प्रॉम्प्ट तोच ठेवला. आलेली क्लिप मी थांबवून थांबवून तपासली. प्रत्येक थांब्यावर 'आगरी मसाला' नीट वाचता येत होतं. पाचला दहा कमी असताना ती पाठवली.

प्रदर्शनात सासूबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. अक्षर अक्षर लावून त्यांनी लेबल वाचलं आणि मग विचारलं, "बाकीच्यांचं सगलं नाचतंय, आपलीच बरनी गप का?"

"हे भाऊ नाचवत होते," ताई शांतपणे म्हणाल्या. "मीच नको बोलली."

मी मान डोलावली. आपलं वाक्य दुसऱ्याने पळवलं की चेहरा कसा ठेवायचा, एवढं तरी नाटकाने मला शिकवलं आहे.