वाचलेल्या तासांची ओळ

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते, आणि आमच्या सेवाविभागाच्या प्रमुखाला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. स्वतः लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, ग्रीसमध्ये हात घालून वर आलेला माणूस. नवा मेकॅनिक उतरायला लागला की वरून ओरडायचा, “सावकाश रे! लिफ्ट कुठे पळून जात नाही.” साहेब झाला, केबिन मिळाली, पोट सुटलं, पण नाव तेच राहिलं. मी सुट्या भागांचं भांडार सांभाळतो. माझं टेबल त्याच्या केबिनला लागून आहे, त्यामुळे त्याचा खोकलाही मला ओळखू येतो.

केबिनच्या बाहेर भिंतभर एक पांढरा बोर्ड होता. उभ्या रांगेत मेकॅनिकची नावं, आडव्या रांगेत वार, आणि मध्ये रंगीत चुंबकं. लाल म्हणजे माणूस अडकलाय, आत्ता निघा. पिवळं म्हणजे बिघाड. हिरवं म्हणजे ठरलेली देखभाल. ही चुंबकं सरकवायचं काम बोर्डताईंचं. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात चुंबक, आणि तोंडाने तिसऱ्यालाच झापणं, असं त्यांचं दिवसभर चालायचं. त्या आणि सावकाश एकाच वर्षी नोकरीला लागले. त्या त्याला दादा म्हणायच्या. साहेब झाल्यावरही म्हणायच्या, आणि त्यालाही ते आवडायचं. एकदा नव्या व्यवस्थापकाने हटकलं, तर सावकाशच म्हणाला, “राहू द्या हो. तेवढं एकच माणूस मला कामाव्यतिरिक्त ओळखतं.”

बोर्डाने आम्हाला कधी दगा दिला नाही, असं मात्र नाही. मेकॅनिक तिकडे पोहोचायचा आणि मग कळायचं की हवा तो भाग त्याच्याकडे नाहीच. परत यायचा, माझ्या नावाने शंख करायचा, परत जायचा. कामाचे कागद संध्याकाळी गठ्ठ्याने यायचे, बोर्डताई ते संगणकात भरायच्या, बिलं आठवडाभर उशिरा निघायची. म्हणून सावकाशने सॉफ्टवेअर मागायचं ठरवलं. तक्रार आली की मेकॅनिकच्या फोनवर काम दिसणार, कुठला भाग लागेल तेही दिसणार, काम संपलं की तिथेच सही, आणि बिल त्याच दिवशी.

मेमो त्याने मनापासून लिहिला. खरंच चांगला लिहिला, मी वाचलाय. धोक्यांचा भाग तर असा, की फक्त खड्ड्यात उतरलेला माणूसच लिहू शकेल. तळघरात फोनला रेंज नसते, म्हणून सॉफ्टवेअर रेंजशिवायही चाललं पाहिजे. जुन्या नोंदींमध्ये एकाच इमारतीची तीन-तीन नावं आहेत, त्या आधी साफ कराव्या लागतील. जुने मेकॅनिक फोनवर नोंद करायला कुरकुरतील, म्हणून पहिला महिना बोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवायचे. विकणारी कंपनी उद्या भाव वाढवेल किंवा बंदच पडेल, म्हणून आपल्या नोंदी परत मिळण्याची अट करारात हवी.

घोडं अडलं ते पेबॅकपाशी. सुरुवातीचा खर्च दहा लाख. दरवर्षीची फी वजा जाता बचत साडेतीन लाख. म्हणजे पैसे वसूल व्हायला चौतीस महिने. आणि आमच्याकडे हिशेबविभागाचा अलिखित नियम असा, की चोवीस महिन्यांच्या वर गेलेला प्रस्ताव कोणी उघडूनही बघत नाही.

“दहा महिने कुठून आणू रे?” तो मला म्हणाला.

“आणू नकोस. आहे ते दे.”

“मग पुढची दहा वर्षं चुंबकंच सरकवू.”

त्याने बोर्डताईंना बोलावलं आणि दोन आठवडे कुठल्या कामाला किती वेळ जातो ते टिपून ठेवायला सांगितलं. “ताई, तुमचंच ओझं कमी होणार आहे यात.” त्या खूश झाल्या. त्यांचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता, फोन धरून धरून. त्यांनी सगळं टिपलं आणि हसत हसत आणून दिलं. मग सावकाशने मेमोत एक ओळ वाढवली: ‘समन्वयाचे वाचलेले तास, वार्षिक दोन लाख.’ बचत झाली साडेपाच. पेबॅक आला बावीस महिन्यांवर.

मी ती ओळ वाचली तेव्हाच मला काहीतरी टोचलं. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता, की मी गप्प बसलो.

बैठकीला मला जावं लागलं, कारण भागांचे आकडे माझे होते. लांब टेबल, थंडगार खोली, पाण्याच्या बाटल्या. संचालक टेबलाच्या टोकाला. हिशेबप्रमुख, म्हणजे चष्मा नाकावर ओढून बोलणारा एक शांत माणूस, एकेक ओळीवर बोट ठेवत खाली येत होता. धोक्यांवर त्याने मान डोलावली. फेऱ्या, बिलं, जादा तास, सगळं पटलं. मग बोट त्या ओळीवर थांबलं.

“हे वाचलेले तास. या बाईंचा पगार तर चालूच राहणार ना?”

“हो, त्या... इतर कामं करतील.”

“मग पैसे कुठे वाचले? वेळ वाचला. वेळ बँकेत भरता येत नाही.” आवाजात खोच नव्हती, हेच वाईट होतं. तो फक्त खरं बोलत होता. “ओळ ठेवायची असेल तर पद कमी होईल असं लिहा. पद राहणार असेल तर ओळ काढा. दोन्ही कसं चालेल?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सगळे सावकाशकडे बघत होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, काढा ओळ. लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून हसवत बाहेर काढणारा माणूस तो. संचालकांनी घड्याळ बघितलं.

“पद कमी करता येईल,” सावकाश म्हणाला.

झालं. मंजूर. संचालकांनी अभिनंदनही केलं. बाहेर आल्यावर जिन्यात तो कठड्याला धरून उभा राहिला.

“मी शेण खाल्लं ना रे?”

“खाल्लंस,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला त्याचा रागही आला होता आणि कीवही.

खाली आलो तर बोर्डताई दारातच. “दादा, झालं?”

“झालं.”

“मला माहीतच होतं!” त्यांनी टाळी वाजवली. “प्रशिक्षणाला पहिलं नाव माझं लिहा हं. घरी मुलगी चिडवते, आई, तुला जमणार नाही म्हणून. दाखवतेच तिला.”

सावकाशने मान डोलावली आणि केबिनचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तो बोर्डाकडे बघेनासा झाला. पुढच्या दाराने यायचं सोडून भांडारातून, माझ्या खोक्यांवरून पाय टाकत यायला लागला. विभागप्रमुख स्वतःच्या ऑफिसात चोरासारखा शिरतो, हे मला बघवेना. त्याच्या बायकोचा मला फोन आला: “भावोजी, ऑफिसात काही झालंय का? जेवताना पानाकडेच बघत बसतात.” मी म्हणालो, कामाचा ताण आहे. मित्राची लाज झाकायची म्हणजे आपणही थोडं खोटं बोलायचंच.

शेवटी एका सकाळी तो सरळ हिशेबप्रमुखाकडे गेला. सुधारलेला मेमो घेऊन. ओळ काढलेली, पेबॅक पुन्हा चौतीस महिने, आणि खाली एक वाक्य: ‘या प्रस्तावात कोणतंही पद कमी होणार नाही, आधीचं माझं विधान चुकीचं होतं.’ हिशेबप्रमुखाने ते दोनदा वाचलं. “असं लिहायला हिंमत लागते,” तो म्हणाला, “पण चौतीस महिन्यांना मी काही करू शकत नाही.” प्रस्ताव बारगळला. पद वाचलं. सावकाशचा जीव भांड्यात पडला. आता सगळं मिटलं, असं त्याला वाटलं.

मी म्हटलं, “ताईंना काय सांगणार?”

“की नामंजूर झाला.”

“आणि बाकीचं?”

त्याने समोरचा मेमो घडी करून खिशात घातला. मग उठला आणि बाहेर गेला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, की कोणी भाग पाडलेलं नसताना तो गेला. बोर्डापुढे उभा राहून त्याने त्यांना सगळं सांगितलं. ओळ, बैठक, ते चार शब्द, आणि नंतरचा मेमो. मध्ये फोन वाजला, तो त्यांनी घेतला, एक पिवळं चुंबक लावलं, फोन ठेवला आणि म्हणाल्या, “बोला पुढे.”

सांगून झाल्यावर तो म्हणाला, “ताई, चुकलो मी. पण आता काळजी नको. तुमची नोकरी कुठे जात नाही.”

मला वाटलं, रडतील. किंवा ओरडतील. त्या खांदा चोळत उभ्या होत्या.

“आधी मला घालवायचं ठरवलंत, मग ठेवायचं ठरवलंत,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा कागद माझ्यावरच होता. मी इथेच उभी होते, दारापासून चार पावलांवर. एकदा विचारायचं तरी होतं.”

“काय विचारणार होतो ताई? कुठल्या तोंडाने?”

“ज्या तोंडाने वेळ टिपायला सांगितलंत त्याच.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी घरी सांगितलं होतं, दादांनी माझ्यासाठी मागवलंय म्हणून.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. तो आत येऊन बसला, चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर आलं. आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, एका रुग्णालयाने, करारात अट घातली की प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्याच दिवशी पडद्यावर दिसली पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. आठवड्यात मंजुरी. पेबॅक किती महिन्यांचा, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. सावकाश हसला तेव्हा, पण ते हसणं बघवत नव्हतं.

प्रशिक्षणाला पहिलं नाव बोर्डताईंचंच होतं. त्या सगळ्यांच्या आधी शिकल्या, कुरकुरणाऱ्या मेकॅनिकना त्यांनीच सरळ केलं, आणि आता कानाला हेडफोन लावून, दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतात. खांदा बरा आहे. कामात कधी कसूर नाही, सावकाशशी कधी आवाज चढवणं नाही. सकाळी तो आला की उठून उभ्या राहतात, नीट हसतात, नीट बोलतात. “साहेब, आजच्या लाल तक्रारी तीन.” “साहेब, तुमची सही राहिली.”

परवा जेवणाच्या सुट्टीत सावकाश माझ्या खोक्यावर येऊन बसला. पुढच्या दाराने येतो आता, पण जेवायला इथेच येतो. डबा उघडला, तसाच झाकला.

“तुझं ऐकतात त्या,” तो म्हणाला. “एकदा सांगून बघ ना. साहेब नका म्हणू म्हणावं.”

“मग काय म्हणायचं सांगू?”

तो झाकलेल्या डब्याकडे बघत राहिला. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, फोनवर कुणा नव्या मेकॅनिकला सांगत होत्या, सावकाश उतर रे, घाई करू नकोस. त्याने मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा डब्याकडे बघायला लागला.