एक आवडलेलं, दोन प्रश्न

रामदास सर आमच्या शाळेतले सगळ्यात शूर मास्तर. जुन्नर तालुक्यातली ही शाळा, तिचं नाव सांगत नाही. सर अजून तिथंच आहेत. चार वर्षांपूर्वी मी बदली होऊन आले, तेव्हा हजेरीपत्रकाआधी मला त्यांच्या शौर्याची गोष्ट ऐकवली गेली. शेजारचा ऊस तोडायला घेतला होता, भर दुपारी बिबट्या शाळेच्या आवारात शिरला, पहिलीतली हर्षाली नळापाशी एकटी होती आणि सरांनी तिला वाचवलं. गावानं शाल दिली, नारळ दिला. सर मात्र हा विषय निघाला की चष्मा पुसत बसायचे. मला वाटायचं, किती हा विनय.

बाकी माणूस साधा. महाळुंगे पडवळहून रोज दुचाकीवर येणार, डब्यातली अर्धी भाकरी कुणाला तरी देणार आणि निबंध फळ्यावर लिहून देणार. पोरं तो उतरवून घ्यायची. सातवीच्या वीस वह्यांत एकच गाय चारा खायची आणि एकाच वाक्याला सगळ्यांची तीच चूक असायची. मी चिडवायचे, ‘सर, एकच वही तपासा, बाकीच्यांवर नुसत्या सह्या करा.’ ते हसायचे आणि खरंच तसंच करायचे.

मग घोडेगावला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि सर बदलून आले. परिच्छेद एका दमात लिहायचा नाही. आधी सुचेल त्याची यादी. मग कच्चा मसुदा, एक ओळ सोडून, म्हणजे मध्ये भर घालता येते. मग जोडीदाराशी वही बदलायची. जोडीदारानं आवडलेली एक गोष्ट लिहायची आणि जिथं आणखी कळायला हवं तिथं दोन प्रश्न. ते प्रश्न घेऊन दुसरा मसुदा. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, मग पक्की प्रत वर्गाच्या भिंतीवर. “आधी सांगायचंय काय ते बघा,” सर बजावायचे, “वेलांटी कुठं पळून जात न्हाई.” दोन महिन्यांत वह्यांमधली गाय वीस घरांची झाली. एकीची तर शिंगं मारायची. मी मनातल्या मनात सरांना सलाम केला.

पोरं आता विषयही स्वतः ठरवायची. डिसेंबरात हात वर करून ठरलं, ‘मी घाबरलो तेव्हा’. सर मधल्या सुट्टीत माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला.

“विषय बदलू का?”

“का? चांगला आहे की.”

ते चष्मा पुसत निघून गेले.

जोडीवाचनाच्या दिवशी, आता सातवीत असलेल्या हर्षालीचा जोडीदार संयम तापानं आला नव्हता. त्याच्या आजोबांनी, दुकानदार पोपटलालशेठनी, फोन करून कळवलं. जोडीदार नसेल तर सरांनी बसायचं, हा नियम सरांचाच. हर्षालीनं वही त्यांच्यापुढं ठेवली आणि त्यांची मागून घेतली, कारण सरही मुलांबरोबर लिहायचे. पुढचं मला सरांनीच सांगितलं.

हर्षालीनं लिहिलं होतं: ‘मी पहिलीत होते. मी नळावर पाणी पीत होते. बिबट्या आला. मी खूप घाबरले. सरांनी मला वाचवलं. बिबट्या पळून गेला.’

बस्स. सहा वाक्यं, गावात सहा वर्षं फिरणारी. यात प्रश्न कुठं विचारायचा ते दुसरीतलं पोरही सांगेल: सरांनी कसं वाचवलं? तेव्हा तुला काय दिसलं? सरांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रश्न विचारला तर ती आठवणार, लिहिणार. नाही विचारला तर मसुदा होता तसा राहणार आणि सरही होते तसे राहणार. त्यांनी लाल पेन काढलं, दोन वेलांट्या सुधारल्या, खाली ‘छान’ लिहिलं आणि वही परत केली.

हर्षालीनं पान पाहिलं.

“सर, वेलांटी शेवटी बघायची ना?”

“हो.”

“मंग प्रश्न कुठंयत? दोन पायजेत. तुमचंच म्हणणंय.”

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. बाकीच्या जोड्या माना घालून लिहीत होत्या. मला ते म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा तेव्हा घाबरलो.” शेवटी समासात लिहिलं: ‘तुला नक्की कशाची भीती वाटली? तेव्हा काय ऐकू आलं?’ आणि वही तिच्याकडं सरकवली. तिनंही त्यांची दिली. सरांचा परिच्छेद परीक्षेच्या भीतीवर होता, अगदी फळ्यावरच्यासारखा. आवडलेली गोष्ट म्हणून तिनं ‘अक्षर’ लिहिलं होतं. खाली प्रश्न: ‘तुम्ही यात कुठं आहात? हे खरंच झालं का?’

त्या रात्री सरांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हर्षालीनं दुसरा मसुदा दिला.

‘मी पहिलीत होते. नळाचं पाणी गार होतं. उसातून बिबट्या आला आणि कुंपणापाशी थांबला. मी वर्गाकडं पळाले. दार बंद होतं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा मला जास्त भीती वाटली. मी दार वाजवलं. धोंडाबाई खिचडी सोडून पातेलं वाजवत आल्या. त्या आवाजानं बिबट्या उसात गेला. मग दार उघडलं आणि सरांनी मला उचलून घेतलं.’

लोक धावत आले, तेव्हा पोर सरांच्या कडेवर होती. जो तो सरांची पाठ थोपटू लागला. त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा आणि तो सहा वर्षं रोज वाढत गेलेला.

“सर,” हर्षाली म्हणाली, “कडीचं वाक्य ठिवू का काढू? भिंतीवर लागल्यावर सगळे वाचतील.”

काय ठेवायचं ते लिहिणारा ठरवतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. तरी तिनं विचारलं. सर सांगतात, ‘काढ’ हा शब्द जिभेवर आला होता. वर्गात अठरा लहान मुलं होती, त्यांना सांभाळायचं होतं, कुणीही दार लावलं असतं, हे सगळं खरंच होतं आणि ते मनात तयारही होतं.

“ठेव,” ते म्हणाले. “थांब, माझंही वाच.”

परीक्षेचा परिच्छेद त्यांनी आडवी रेघ मारून खोडला आणि तिच्यासमोर खाली लिहिलं: ‘कडी मी लावली. बाहेर एक मूल आहे हे मला माहीत होतं. दार वाजलं तरी मी उघडलं नाही. वाचवलं ते धोंडाबाईंनी.’ चार ओळींना वीस मिनिटं लागली.

हर्षालीनं पेन उचललं. ‘आवडलेलं’ पुढं तिनं काहीच लिहिलं नाही. प्रश्न मात्र लिहिला, एकच: ‘बाई रोज आपल्याला खिचडी वाढतात, त्यांना तुम्ही सांगितलं का?’

सर वही घेऊन उठले. माझ्या वर्गाच्या खिडकीतून मला ते शेजारच्याच स्वयंपाकखोलीच्या दारात उभे दिसले. धोंडाबाई तांदूळ निवडत होत्या. सरांनी चार ओळी वाचून दाखवल्या. धोंडाबाईंनी सूप खाली ठेवलं नाही.

“मला काय नवं सांगता, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मी दाराच्या भायेर व्हते.”