तीन नंबरचं तोंड

पांढुर्णा-सौसर रस्त्यावर संत्री निवडून, मेण लावून खोक्यांत भरणारा एक कारखाना आहे. त्याचे मालक नागपूरला राहतात. त्यांना मराठीचा पुळका आला आणि यंत्रातल्या हवेच्या वॉल्व्हचं इंग्रजी पुस्तक मराठीत करायचं ठरलं. सौसरमध्ये मराठी शिकवून निवृत्त झालेला, रिकामा आणि फुशारकी मारणारा माणूस मीच. काम माझ्याच गळ्यात पडलं. वॉल्व्ह मी उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वॉल्व्हला पाच तोंडं. एक नंबरातून दाबाची हवा आत येते. दोन आणि चार नंबरांतून ती दांडा पुढं-मागं ढकलणाऱ्या सिलिंडरच्या दोन टोकांना जाते, तीन आणि पाचमधून वापरलेली हवा बाहेर पडते. एवढं मला समजलं. मग चित्रात 14 असा आकडा आला, तेव्हा मी बेधडक ‘चौदावे तोंड’ लिहून टाकलं. पाच तोंडांच्या वस्तूला चौदावं कुठून, ही शंका मला आली नाही. 14 म्हणजे एकची हवा चारला जोडणारा इशारा, हे मला फार उशिरा कळलं. पुस्तकावर मॅनेजरनं, सुपरवायझरनं आणि नागपूरच्या साहेबानं ‘तपासले’ अशा सह्या केल्या. तिघांपैकी एकालाही चौदावं तोंड खटकलं नाही.

खरा घोळ पुढच्या पानावर होता. चित्रात शेजारी-शेजारी दोन चौकोन होते, त्यांत बाण आणि कुठं आडव्या काडीचं बंदचं चिन्ह. तोंडांचे आकडे उजव्या चौकोनाला लावलेले होते आणि तिथं तीन नंबरावर बंदचं चिन्ह होतं. मी सुबक तक्ता केला आणि त्यात लिहिलं, ‘तीन नंबरचे तोंड: बंद.’ त्या ओळीवर मी खूश होतो. काय सुटसुटीत मराठी!

कारखान्यात मोहगावची एक फिटर होती, आयटीआय झालेली. सहा महिने तात्पुरती होती, पुढच्या महिन्यात कायम व्हायची. खोकं एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या सिलिंडरच्या वॉल्व्हमधून फुसफुस आवाज येतो, हवा वाया जाते, म्हणून सुपरवायझर तिच्या मागं लागला होता. तिनं पुस्तक उघडलं. तीन नंबर बंद असतो असं छापलेलं होतं, तिथून तर दर वेळी हवा येत होती. तिनं हवा बंद केली, तीनवरचा, हवेचा आवाज दाबणारा सायलेन्सर काढला आणि तिथं बूच घट्ट बसवलं. परत हवा सोडली तर सिलिंडरचा दांडा दोन बोटं पुढं सरकून अडला. खोकी एकमेकांवर चढली, संत्री भुईवर.

तिनं बूच काढलं तसं यंत्र चालू झालं. पण मॅनेजरनं हलगर्जीचा कागद तयारच ठेवला होता; त्यावर तिची सही झाली की कायम होणं संपलं. ती म्हणाली, पुस्तकात लिहिलं आहे. म्हणून पुस्तक बरोबर असल्याची साक्ष द्यायला मला बोलावणं आलं.

तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यातून दोन चौकोनांची पट्टी कापून आणली होती. टेबलावर खडूनं पाच आकडे लिहिले आणि पट्टी त्यांच्यावर धरली.

“सर, हे दोन वॉल्व्ह नाही. एकच आहे. आकडे जागचे हालत नाही, खाना सरकून राहिला. बिजली नसली का स्प्रिंग ह्या खान्यावर ठेवते, त्यात तीन बंद, हे खरं. पण बिजली आली का हा दुसरा खाना येते.” तिनं पट्टी सरकवली. “आता एकची हवा चारले जाते अन् दोनची तीनमधून बाहेर. तुमच्या पुस्तकानं मले तीन बुजवाले लावलं. मंग हवा जाईन कुठं?”

मॅनेजर माझ्याकडं पाहत होता. त्या क्षणी मला तिची नोकरी दिसत नव्हती, पुस्तकावरचं माझं नाव दिसत होतं. आजही त्याची लाज वाटते. मग तिनं कागदाखाली सहीसाठी पेन उचलला तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, “चूक माझी आहे. बंदचं चिन्ह त्या खान्याचं होतं, मी ते कायमचं केलं. ताईंनी पुस्तकाप्रमाणेच केलं.”

मॅनेजरचा चेहरा एकदम सैल झाला. चूक बाहेरच्या माणसाची निघाल्यानं कुणाला जाब द्यायला नको होता. त्यानं हलगर्जीचा कागद फाडला, मला बसायला खुर्ची ओढून दिली, “होते सर, एवढं काय त्यात,” असं म्हणत माझी समजूत काढली आणि चहा मागवला.

चहा दोनच आले. ती उभीच होती, टेबलावरचा खडू पुसत.