तीन रोट्या, चार मुलं

गुरुवारी सकाळी माझी ताई गेली. त्या वेळी मी माझ्या शाळेत प्रार्थनेला उभी होते. फोन हेडसरांनी घेतला.

ताई कळमेश्वरकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवत असे. मी त्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत, दुसरीला. दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात आणि कुणीतरी एक जण सगळ्यांसमोर नमुना पाठ घेतो. त्या महिन्याचा पाठ ताईच्या नावावर होता. विषय अपूर्णांक, साहित्य रोट्या. तेरावं झाल्यावर केंद्रप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, आता ते कसं करायचं? तुम्ही घेता काय? पाठाचं टाचण त्यांनी लिहून ठेवलं असेलच."

लिहून ठेवलंच होतं. भाऊजींनी तिची टाचणवही माझ्या हातात दिली. जरीपटक्यातल्या त्यांच्या घरून मनीषनगरला माझ्या घरापर्यंत मी ती बसमध्ये मांडीवर ठेवून आणली, पण उघडली नाही. घरी आल्यावर उघडली.

ताईचे नमुना पाठ कधी फसले नाहीत. मुलं सरळ बसायची, हात वर करायची, बरोबर बोलायची. मागच्या रांगेतले शिक्षक चहा पिताना एकमेकांना म्हणायचे, "पोपट पाळले आहेत बाईंनी." एकदा एक गुरुजी मला ऐकू जाईल असं म्हणाले, "काहून गा, आपली पोरं अशी काहून नाही बोलत? आपण आदल्या दिवशी पाठ करून घेत नाही म्हणून." सगळे हसले. मीही हसले. ताईला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारायचं धैर्य नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

वहीत डावीकडे प्रश्न होते, उजवीकडे अपेक्षित उत्तरं. असं सगळेच लिहितात. पण तिच्या उत्तरांपुढे पेन्सिलीनं बारीक आकडे होते. "भाग समान हवेत" यापुढे ७. "अर्धा म्हणजे एक छेद दोन" यापुढे १२. "छेद म्हणजे किती समान भाग केले ते" यापुढे ३. "अंश म्हणजे त्यातले किती घेतले ते" यापुढे १९. ते हजेरी क्रमांक होते, हे कळायला वेळ लागला नाही. कोणतं उत्तर कोण देणार, हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मी वही मिटली. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. काय समजावं याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

पाठाच्या दिवशी मी ताईच्या शाळेत तासभर आधी गेले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी नऊ रोट्या करून कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. नऊच्या नऊ एका मापाच्या, कडा सुरीनं कापल्यासारख्या.

"डब्याचं झाकण दाबून कापल्या," मावशी म्हणाल्या. "तुमच्या ताईनं शिकवलं होतं. म्हणे, एक लहान एक मोठी झाली तर अर्धी-अर्धी सारखी होत नाही, पोरायचा घोळ होते."

"आधीही केल्या होत्या का?"

"तीनदा केल्या ना. गेल्या महिन्यात. पोरं खुश होती, रोट्या खायले भेटत होत्या."

तीनदा. म्हणजे एकदा नव्हे, तीन वेळा तालीम झाली होती. मी वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. त्या क्षणी मला वाटलं, आजारी असल्याचं सांगून परत जावं. मागे वीस-बावीस शिक्षक बसणार होते. मी तिच्या प्रश्नांनी पाठ घेतला तर तिची मुलं तिची उत्तरं म्हणतील आणि मागची माणसं एकमेकांकडे बघतील. आणि ते प्रश्न सोडून घेतला नि मुलं गप्प बसली तर ती माणसं आणखी खात्रीनं बघतील. ताई आता आपली बाजू सांगायला येणार नव्हती.

वर्ग भरला. हजेरी घेताना कोणता नंबर कुणाचा हे मी बघून ठेवलं. बरीच मुलं एमआयडीसीत काम करणाऱ्यांची, घरी हिंदी बोलणारी. म्हणून ताईनं टाचणात पोळी न लिहिता रोटी लिहिलं होतं. मी एक रोटी हातात धरून पहिला प्रश्न विचारला. "ही रोटी दोघांना द्यायची आहे. काय काळजी घ्यायची?"

सात नंबर उठला. "भाग समान पाहिजेत."

मी रोटी मधोमध दुमडली, फाडली, दोन तुकडे एकमेकांवर ठेवून दाखवले. "यातला एक तुकडा कसा लिहायचा?"

बारा नंबर. "एक छेद दोन."

तीन नंबर, एकोणीस नंबर. वहीतले शब्द, वहीतल्या क्रमानं. मी त्यांना नावानं पुकारलंही नव्हतं. हात त्यांचेच वर येत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "तयारी चांगली आहे," आणि एक हलका खोकला आला. मी मागे पाहिलं नाही. त्याच गुरुजींचा आवाज मी ओळखला होता.

वही मी बंद केली. टाचणात शेवटी एक ओळ होती, तीन रोट्या आणि चार मुलं अशी, पण तिच्यापुढे उजवा रकाना रिकामा होता. उत्तर नव्हतं, आकडाही नव्हता. मी तोच प्रश्न घेतला, कारण त्याचं पाठ केलेलं उत्तर कुणाकडे असणार नव्हतं. एका ताटलीत तीन रोट्या ठेवल्या, चार मुलांना समोर बसवलं. त्यात सात नंबरही होता. वाटायला मी खिडकीजवळच्या एका मुलीला बोलावलं. तिनं आतापर्यंत एकदाही हात वर केला नव्हता. हजेरीत ती पंधरा.

ती आली आणि ताटलीकडे बघत उभी राहिली. हात लावेना.

"वाट ना," मी म्हणाले.

"तीन नाही ठेवत मॅडम."

"काहून?"

"तीन मेलेल्या माणसाले ठेवतात."

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी "अगं" म्हटलं आणि थांबल्या. ती मुलगी मला दुखवायला बोलली नव्हती. तिच्या घरी जे सांगतात ते तिनं सांगितलं. आमच्या घरीही तेच सांगतात. तीन आठवड्यांपूर्वी ताईच्या नावानं काढलेल्या पानात तीन पोळ्या मी बघितल्या होत्या, आणि तरी आज मीच मोजून तीन ठेवल्या.

"मग घरी तीनच असल्या तर आई काय करते?"

तिनं तिसरी रोटी उचलली आणि मधून फाडली. "आता चार झाल्या." दोन मुलांना एकेक अख्खी दिली, दोघांना एकेक तुकडा. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या मते काम झालं होतं.

मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांना कळलं, मुलांना नुसतं पाठ आहे.

"झालं का वाटून?" मी वर्गाला विचारलं.

"हो," बरीच मुलं म्हणाली. "चार जणांले चार."

सात नंबर आपल्या हातातला तुकडा बघत होता. मग शेजारच्याच्या हातातली अख्खी रोटी. "मले कमी आली," तो म्हणाला.

"पण चार तर झाल्या," पंधरा नंबर म्हणाली.

"चार झाल्या म्हणून काय? त्याची मोठी आहे. तू त्याले अख्खी देऊन राहिली न मले अर्धी. भाग समान कुठी आहेत?"

मघाशी तेच शब्द तो पाठ म्हटल्यासारखे बोलला होता. आता तो चिडला होता.

तिनं चारही जणांकडून रोट्या आणि तुकडे परत घेतले. मग दोन अख्ख्या रोट्याही मधून फाडल्या. सहा तुकडे झाले. प्रत्येकाला एक दिला, दोन उरले. "हे दोन चौघांले," ती स्वतःशीच म्हणाली, आणि ते दोन्ही पुन्हा मधून फाडले. प्रत्येकाला एक.

"आता कुणाला किती मिळाली?"

"एक अर्धी न एक पाव."

"ती मिळून किती?"

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "दोन छेद सहा." वरचे दोन एक आणि खालचे दोन आणि चार त्यानं मिळवले होते. मी त्याला चूक म्हटलं नाही. सात नंबरच्या हातातली अर्धी रोटी घेतली आणि विचारलं, "यात असे पाव किती बसतील?" त्याच्याच पावाचा तुकडा मी त्या अर्ध्यावर ठेवला. मग सरकवून उरलेल्या भागावर ठेवला.

"दोन."

"आणि हा एक वेगळा."

"तीन पाव," पंधरा नंबर म्हणाली. मग म्हणाली, "पाऊण. तीन छेद चार."

मागच्या बाकावरचा मुलगा पुढे येऊन तुकडे मोजू लागला. चौघांचे तीन-तीन पाव, बारा. एका रोटीचे चार, तीन रोट्यांचे बारा. त्यानं ते दोनदा मोजलं.

केंद्रप्रमुख उठले आणि त्यांनी पंधरा नंबरला विचारलं, "हे तुमच्या मॅडमनी आधी घेतलं होतं काय?"

"नाही सर. त्या तीन कधी ठेवत नव्हत्या."

टाळ्या झाल्या. गुरुजींनीही वाजवल्या. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "शेवटचं चांगलं झालं, मॅडम." सुरुवातीचं ते बोलले नाहीत.

मुलं बाहेर ओट्यावर उरलेल्या रोट्या गुळाबरोबर खात होती. मी सात नंबरजवळ बसले. "तुमच्या मॅडमनी तुला ते उत्तर पाठ करायला सांगितलं होतं का रे?"

"नाही. पयल्यांदा माहं चुकलं होतं. मी म्हटलं, कसेही दोन तुकडे करा. मग मॅडमनं माहा नंबर लिहून घेतला. ज्याचं चुकलं त्याचा नंबर लिहत होत्या. मग पुन्हा त्यालेच विचारत. मले तीनदा विचारलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा आलं."

ते चुकणाऱ्यांचे आकडे होते. असं त्यानं सांगितलं, आणि तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. पण तिसऱ्यांदा त्याला ते समजलं होतं की नुसतं आठवलं होतं, हे त्याला विचारून कळलं नसतं. ताईला विचारायला हवं होतं. घरी जाताना बसमध्ये मी वही पुन्हा उघडली. तिनं तो रकाना का रिकामा ठेवला, हे मी बराच वेळ बघत बसले. तीन ठेवायला तिला नको वाटलं असेल. किंवा मुलं काय म्हणतील हे तिला खरोखर माहीत नसेल, आणि तेच तिला बघायचं असेल. मला पटेल ते मी निवडू शकते, आणि म्हणूनच मला ते पटत नाही.

रिकाम्या रकान्यात मी पेन्सिलीनं पंधरा लिहिलं. आधी चुकलेल्याचा नंबर लिहायचा, तिची पद्धत तीच होती, असं तो मुलगा म्हणाला होता.

ताईच्या शाळेत आता नवीन शिक्षक आले आहेत. वही त्यांना द्यायची आहे. ती अजून माझ्याकडे आहे. त्यातला एक आकडा माझ्या अक्षरात आहे, बाकीचे तिच्या.