लपवलेलं वाक्य

मरोळच्या आमच्या ऑफिसात वेबसाइट मी सांभाळते. मजकूर लिहिणारी ताई तो वर्डमधून उचलून थेट पेस्ट करायची आणि कोडची वाट लावायची. दर दोन शब्दांभोवती स्पॅन नावाचा एक टॅग, त्यात फॉन्ट, आकार, रंग अशा स्टाइल. तिने एंटर मारमारून सोडलेल्या जागेत रिकामे परिच्छेद.

"ताई, साधा मजकूर म्हणून पेस्ट कर ना," मी रोज सांगायचे.

"विसरते गं," ती म्हणायची.

एकदा साहेबांचं मनोगत आलं आणि माझं डोकंच फिरलं. फाइंड-रिप्लेस लावून सगळ्या स्टाइल, स्पॅन आणि रिकामे परिच्छेद उडवले. कोड लख्ख झाला. पान प्रसिद्ध करण्याआधी तपासायला उघडलं, तर मनोगताच्या मधोमध एक नवीनच वाक्य होतं: "दर वर्षी हेच, फक्त साल बदलायचं."

ते ताईचं होतं. मनोगत लिहिताना वर्डमध्ये तिने ते कुणाला दिसू नये म्हणून हिडन करून ठेवलं होतं, आणि ते झाकणारी स्टाइलही मी झाडून टाकली होती.

ताईला बोलावून स्क्रीन दाखवली. आधी तिचा चेहरा उतरला, मग आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आता ती मजकूर साधाच पेस्ट करते. साहेबांबद्दलचं चहाच्या वेळी तोंडी सांगते.